"दाखला पाहिजे": सेवा केंद्रात नव्याने बसणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात सेवा केंद्राच्या टेबलावर पहिल्यांदा बसलात की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य शंभर वेळा ऐकू येतं: "दाखला पाहिजे." त्यापुढे काही नाही. कधी "पोरीचा दाखला", कधी "तो दाखला, तहसीलचा", कधी नुसतं "कागद काढायचाय." समोरच्याच्या डोक्यात चित्र स्पष्ट असतं, कारण त्याला कुणीतरी काहीतरी सांगून पाठवलेलं असतं. तुमच्यापर्यंत मात्र त्यातला एकच शब्द पोचतो.

अशा वेळी नवा माणूस काय करतो? पोर्टल उघडतो आणि वरून खाली विचारत जातो. नाव काय, वडिलांचं नाव, गाव, जात, पोटजात, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न किती, आधी काढला होता का, रेशनकार्ड कोणतं. मीही हेच करायचो. दहा-बारा प्रश्न झाले की आपण कसून काम केलं असं वाटतं आणि समोरचा माणूसही दबून सगळी उत्तरं देतो. घोळ असा की अर्जाच्या रकान्यांचा क्रम संगणकाच्या सोयीचा असतो. दाखला कोणता हे आधीच ठरलेलं आहे असं धरूनच तो सुरू होतो. ते ठरलेलं नसेल तर बाराही उत्तरं बरोबर येतात आणि दाखला चुकीचा निघतो.

माझ्या हातून निघाला होता तसा. एका जूनमध्ये एक काका बारावी झालेल्या मुलीला घेऊन आले. "ओबीसीचं नॉन क्रिमीलेअर काढायचंय." मी सगळं विचारलं, कागद नीट लावले, अर्ज भरला. दाखला वेळेत हातात आला. पंधरा दिवसांनी काका परत, चेहरा उतरलेला. मुलीला आयआयटीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. तिथे केंद्र शासनाच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि मी राज्याचा काढून दिला होता. दोन्हींच्या नावात ओबीसी, दोन्हींत नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाची मर्यादाही दोन्हीकडे 8 लाखांची. मी बारा प्रश्न विचारले होते, पण हा कागद जाणार कुठे हे त्यांत नव्हतं.

आधी फाटे माहीत करून घ्या

एकच नेमका प्रश्न विचारायचा तर रस्ता कुठे फुटतो हे आपल्याला ठाऊक असायला हवं. त्यासाठी एक पुठ्ठा घ्या. त्यावर लोक वापरतात तो शब्द डावीकडे लिहा आणि त्या शब्दातून प्रत्यक्षात काय काय निघू शकतं ते उजवीकडे.

"जातीचा दाखला" म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिला खुद्द जातीचा दाखला, तो उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांत कार्यालयाच्या सहीने निघतो. दुसरं नॉन क्रिमीलेअर. तिसरी जात वैधता, ती बहुतेक प्रवर्गांना जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. तिचा अर्ज वेगळा, कार्यालय वेगळं, आणि आधी जातीचा दाखला असल्याशिवाय तिच्याकडे जाता येत नाही. सायन्सला असलेल्या मुलाच्या घरचे "जातीचा दाखला राहिलाय" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा राहिलेली असते ती वैधता.

"उत्पन्नाचा दाखला" एका वर्षाचा निघतो, तीन वर्षांचाही निघतो. नॉन क्रिमीलेअरसाठी पुढे लागणारा तीन वर्षांचा असतो. ईडब्ल्यूएसही राज्याचं आणि केंद्राचं असं दोन नमुन्यांत आहे. केंद्राच्या नियमात तर 5 एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असलेलं कुटुंब उत्पन्न कितीही कमी असलं तरी बसत नाही. आणि नुसतं "दाखला" म्हणणाऱ्या आजींना शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, जो आपल्याकडे मिळतच नाही.

पुठ्ठा भरला की एक गोष्ट नजरेत भरते. जात, उत्पन्न, ईडब्ल्यूएस, रहिवास, कुठलीही ओळ घ्या, तिचे फाटे जवळजवळ एकाच जागी फुटतात: कागद कोण बघणार आहे. राज्याची भरती की केंद्राची, शाळा की बँक, शिष्यवृत्ती की कोर्ट. माणसाची जात, गाव, उत्पन्न बदलत नाही, ज्याच्या टेबलावर तो कागद जाणार तो माणूस बदलतो. म्हणून विचारायचा तो प्रश्न हा:

"हा कागद कुठे द्यायचाय?"

बाकीचं सगळं, नाव, गाव, रेशनकार्ड, हे अर्ज भरताना त्यांच्या कागदांवरून वाचता येतं. आधार आणि रेशनकार्ड समोर ठेवलेलं असताना पत्ता तोंडी विचारणं म्हणजे दोघांचाही वेळ खाणं. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी मी तेच करणार असेन, तर तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही. "आधी कधी काढला होता का?" हा प्रश्न या नियमाने पहिल्याच दिवशी गळला. हो म्हटलं तरी मी नवाच अर्ज भरणार होतो. जुन्या दाखल्याची प्रत जोडायला उपयोगी पडते हे खरं, पण ती "पिशवीतले सगळे कागद टेबलावर ठेवा" म्हटलं की आपोआप बाहेर येते.

शब्द जपून निवडा

याच प्रश्नाची दोन-तीन रूपं मी वापरून पाहिली आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी येतात.

"कशाला पाहिजे?" असं विचारू नका. कानाला ते चौकशीसारखं लागतं. बाई नवऱ्यापासून वेगळी राहत असेल, पोटगीच्या कामासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर भरलेल्या केंद्रात ती "असंच, पाहिजे होता" एवढंच म्हणेल. "कोणता दाखला?" हाही निरुपयोगी, कारण त्याला नाव माहीत असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं. आणि "राज्याचा की केंद्राचा?" हा तर सगळ्यात फसवा. प्रश्न नेमका वाटतो, पण नव्वद टक्के माणसं "सरकारी" असं उत्तर देतात, किंवा दोनपैकी जे मोठं वाटेल ते निवडतात. आपल्या डोक्यातला फाटा त्यांच्या गळ्यात मारायचा नसतो. त्यांना जे पक्कं ठाऊक आहे ते विचारायचं आणि फाटा आपण ओळखायचा. आपण कुठे जाणार आहोत हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं.

"कुठे द्यायचाय?" यात संशय नाही, खासगी काही नाही. "कोर्टात" म्हणून बाई मोकळी होते, पुढचं आपल्याला लागत नाही.

उत्तरही मोघम आलं तर

येतंच. "कॉलेजात द्यायचाय." "मेडिकलला." "ऑनलाइन भरायचंय."

इथे नव्या माणसाचा हात पुन्हा यादीकडे जातो. कोणतं कॉलेज, कोणता कोर्स, कितवा राउंड, शेवटची तारीख कधी. तसं करू नका. दुसरा प्रश्न म्हणून विचारायचा नाही, मागायचं: "त्यांचा मेसेज किंवा यादी असेल ना मोबाइलवर? दाखवा जरा." मोबाइल मुलीच्या हातात असतो, ती दहा सेकंदांत व्हॉट्सअॅपवरचा फोटो काढून समोर धरते. त्या एका पानावर नमुना, तारीख, कुठली यादी, सगळं छापलेलं असतं. आठवणीतून सांगायला लावलं की माणूस गोंधळतो. पान दाखवायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत.

मेडिकलचं उदाहरण सावकाश बघू, कारण दर उन्हाळ्यात ते येतं आणि त्यात सगळेच फसतात.

समजा एक ताई आल्या: "मुलगी नीटची परीक्षा पास झाली, ओबीसीचा दाखला लागतोय." तुम्ही विचारता, कुठे द्यायचाय? "मेडिकलला, अजून कुठे." आता हे उत्तर पुरेसं वाटतं, आणि तिथेच गडबड होते. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या 85 टक्के राज्याकडून. अखिल भारतीय कोट्यात ओबीसीला 27 टक्के आरक्षण 2021-22 पासून आलं. तिथे चालतो तो केंद्राच्या नमुन्यातला दाखला, आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. राज्याच्या फेरीसाठी मात्र राज्याचं नॉन क्रिमीलेअर, जातीचा दाखला, वैधता आणि डोमिसाइल.

मुलीने दोन्हीकडे नाव नोंदवलेलं असतं. म्हणजे प्रश्न "यातलं कोणतं?" असा नव्हताच, दोन्ही लागणार होते. "राज्याचा की केंद्राचा?" असं विचारलं असतं तर ताईंनी एक सांगितलं असतं आणि दुसरा राहून गेला असता. मेसेज मागितल्यावर मुलगी एकापाठोपाठ एक दोन स्क्रीनशॉट दाखवते, एक दिल्लीच्या समितीचा, एक मुंबईच्या सीईटी कक्षाचा. दोन पानं दिसली की दोन अर्ज, एवढा सरळ हिशेब.

त्याच पानावर तारखेचीही अट वाचून घ्या. केंद्राच्या प्रवेशांमध्ये ओबीसी दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला, असं बहुधा म्हटलेलं असतं. मार्चमध्ये घाईने काढून ठेवलेला दाखला मे-जूनमध्ये शिळा होतो. राज्याच्या नॉन क्रिमीलेअरवर मुदत छापलेली असते, ती बघितली की झालं.

ठरलं ते बोलून दाखवा

अर्ज सुरू करण्याआधी एक वाक्य मोठ्याने बोला: "ताई, दोन दाखले काढतोय, एक दिल्लीच्या प्रवेशासाठी, एक आपल्या राज्याच्या. दोन्हींना तीन वर्षांचं उत्पन्न लागेल." हा प्रश्न नाही, त्याला उत्तर द्यायचीही गरज नाही. पण काही चुकत असेल तर माणूस इथेच अडवतो. "अहो, तिचं राज्याचं मागच्या महिन्यातच काढलंय" हे वाक्य मी अशा वेळीच ऐकलं आहे, आधी कितीही विचारलं तरी निघालं नव्हतं. लोकांना उत्तर देण्यापेक्षा दुसऱ्याची चूक दुरुस्त करणं सोपं जातं, आपल्या सगळ्यांचंच तसं आहे म्हणा.

मात्र हे वाक्य बोलताना सरकारी नाव घेऊ नका. "केंद्र शासनाच्या विहित नमुन्यातील प्रमाणपत्र" म्हटलं की माणूस मान डोलावतो, कारण काही कळलेलं नसतं.

सातबाऱ्याचंही हेच

"सातबारा काढून द्या" म्हणणाऱ्याला बहुतेक जण लगेच गट नंबर विचारतात. आधी तोच प्रश्न विचारून बघा.

"बँकेत, पीककर्जाला" असं उत्तर आलं तर डिजिटल सहीचा सातबारा आणि सोबत 8-अ काढायचा, कारण त्या गावात त्या खातेदाराच्या नावावर एकूण किती जमीन आहे हे 8-अ वर दिसतं आणि बँक ते बघते. "वकिलाने सांगितलंय" असं आलं तर सातबारा एकटा क्वचितच पुरतो. वकिलाला नाव कसं लागलं, कधी लागलं ते हवं असतं, आणि ते फेरफारात असतं. "कुठे द्यायचा नाही हो, वडील गेले, आमची नावं लागली का तेवढं बघायचंय" असं आलं तर छापायचंच कशाला? महाभूलेखवर फुकट बघता येतो. तो नुसता माहितीसाठी असतो, सरकारी कामाला चालत नाही, पण यांना कामाला वापरायचाच नाहीये. मोबाइलवर दाखवा, नावं नसतील तर वारस नोंदीचं सांगा. आणि "प्लॉटवर घर बांधायचंय, नगरपालिकेत द्यायचाय" असं म्हणाले तर जागा सिटी सर्व्हेत आहे का ते बघा. असेल तर सातबारा मिळणार नाही, तिथे मालमत्ता पत्रक असतं.

जिथे हा प्रश्न चालत नाही

दोन जागा आहेत.

एक, जिथे विचारायचीच गरज नाही. फाटा असूनही चुकल्याची किंमत एकाच बाजूला असेल तर सुरक्षित बाजू धरून पुढे जा. उत्पन्नाच्या दाखल्याचं माझ्याकडे तसं आहे. घरात शिकणारं पोर असेल आणि तीन वर्षांचे पुरावे हाताशी असतील तर मी तीन वर्षांचाच भरतो आणि तसं बोलून दाखवतो. तीन वर्षांच्या दाखल्यावर एका वर्षाचं काम सहसा भागतं, उलटं होत नाही. अर्थात पुढच्या यादीत स्पष्ट "एका वर्षाचा" लिहिलेलं असेल तर यादी खरी.

दुसरी जागा अवघड आहे: घरात कुणाचाच जातीचा दाखला नसताना पहिल्यांदा काढणं. इथे कुठे द्यायचाय याने काही सुटत नाही, कारण अडचण पुराव्याची असते. प्रत्येक प्रवर्गाला एक जुनी तारीख आहे. त्या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. नवा ऑपरेटर इथे पुराव्यांची लांबलचक यादी वाचतो: जन्ममृत्यू नोंद, शाळेचा उतारा, जुनी महसूल नोंद, नातेवाइकाची वैधता. ऐकणारा पहिल्या दोन शब्दांनंतर हरवतो आणि "बघतो" म्हणून निघून जातो तो सहा महिने येत नाही.

त्याऐवजी मी विचारतो: "तुमच्या घराण्यात पहिल्यांदा शाळेत कोण गेलं?"

याचं उत्तर लगेच येतं, बऱ्याचदा अभिमानानेही. "माझे चुलत आजोबा, चौथीपर्यंत. गावच्याच शाळेत." झालं. चुलत आजोबा वडिलांकडून असले पाहिजेत, आईकडचे चालत नाहीत, तेवढं बघायचं. मग त्या शाळेत अर्ज करून प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा मागायचा. त्यात जात लिहिलेली असते, तारीख असते, आणि गावातली शाळा असल्याने रहिवासाचाही पुरावा होतो. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, अर्जदाराचं नाव यांची साखळी वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राने जुळते. "कुणीच गेलं नाही शाळेत" असं उत्तर आलं तर मगच जमिनीच्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदींकडे वळायचं, आणि तेव्हा एकापेक्षा जास्त प्रश्न लागतील हे धरून चालायचं. असं घर आलं की मी त्यांना दुपारी तीननंतर बोलावतो, गर्दी ओसरल्यावर. खुर्ची देतो, पाणी देतो आणि वही घेऊन बसतो. तिथे एका प्रश्नाचा हट्ट धरला तर त्यांचंच नुकसान होतं.

चुकलं हे कसं कळतं

परत आलेल्या माणसावरून. दाखला नाकारला गेला तर माणूस तुमच्याकडेच येतो, थोडा चिडलेला. त्याला "कुणी नाकारला आणि काय म्हणाले?" एवढं विचारा आणि ते पुठ्ठ्यावर लिहा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या भागातले खरे फाटे त्यावर उमटतात. ते माझ्या भागातल्यापेक्षा वेगळे असतील. सीमाभागातल्या केंद्रावर रहिवासाचे घोळ जास्त निघतील, कारखान्याच्या गावी बाहेरून आलेल्यांचे.

आणखी एक खूण आहे, ती चूक होण्याआधीच दिसते. माणूस उत्तर देताना सोबतच्याकडे बघायला लागला की समजा, त्याला माहीत नसलेलं आपण विचारतोय. तिथेच थांबा आणि पिशवीकडे किंवा मोबाइलकडे बोट दाखवा.

माझा पुठ्ठा आता बराच मळला आहे, दोन वेळा मागून कागद चिकटवलाय. सगळ्यात खालची ओळ याच मे महिन्यातली: "डोमिसाइल म्हणाले. द्यायचं कुठे? मुलाच्या सोसायटीत, भाडेकरू म्हणून. भाडेकरार पुरला. अर्ज नाही."